केली सूत्र आणि अंशात्मक केली पद्धत

केली सूत्र हे अनिश्चित फलिताच्या व्यवहारात आपल्या भांडवलाचा किती भाग पणाला लावावा हे सांगणारे गणिती सूत्र आहे. व्यवहार एकदाच नव्हे, तर पुनःपुन्हा करायचा आहे आणि मिळालेला नफा-तोटा पुढच्या डावाच्या भांडवलात मिसळत जाणार आहे, हे यात गृहीत असते. अशा स्थितीत दीर्घकाळात भांडवलाची वाढ सर्वाधिक वेगाने कोणत्या प्रमाणामुळे होईल, ते हे सूत्र काढून देते. सूत्राने सांगितलेल्या प्रमाणाचा निम्मा किंवा चौथा हिस्साच लावणे, याला अंशात्मक केली पद्धत म्हणतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे जॉन लॅरी केली (१९२३–१९६५) यांनी १९५६ मध्ये एका शोधनिबंधात हे सूत्र मांडले. मूळ विषय दूरध्वनीच्या तारेवरून जाणाऱ्या माहितीचा होता. शर्यतीचा निकाल थोडा आधी, पण काहीसा अस्पष्ट कळणारा जुगारी त्यांनी केवळ उदाहरणासाठी घेतला होता. पुढे गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी ते आधी पत्त्यांच्या खेळात आणि नंतर शेअर बाजारात वापरले. संपत्तीची वाढ बेरजेने न मोजता गुणोत्तराने मोजावी, हा यामागचा विचार मात्र डॅनियल बर्नुली यांच्या १७३८ च्या लेखनाइतका जुना आहे.

सूत्र आणि त्याचा अर्थ

जिंकण्याची संभाव्यता p, हरण्याची q आणि लावलेल्या प्रत्येक रुपयामागे जिंकल्यास मिळणारा नफा b रुपये असेल, तर लावायचा भाग f असा येतो:

f = p − q/b

नफा आणि तोटा सारखाच असेल (b = 1), तर उत्तर फक्त p − q एवढे उरते. शंभरात साठ वेळा जिंकण्याची शक्यता असलेल्या डावात ६० उणे ४०, म्हणजे भांडवलाचे २० टक्के लावावेत. या फरकाला येथे ‘सरशी’ म्हटले आहे. सरशी शून्य किंवा उणे असेल, तर सूत्राचे उत्तर एकच: काहीही लावू नये.

सरशी आपल्या बाजूची असताना सगळेच भांडवल का लावू नये, हे गुणाकाराच्या हिशेबातून समजते. शंभर रुपयांवर ५० टक्के नफा झाला की दीडशे होतात आणि त्या दीडशेवर ५० टक्के तोटा झाला की पंचाहत्तर उरतात. टक्के तेच, पण जाताना अधिक नेतात. लावलेला भाग वाढवला की हे नुकसान सरशीपेक्षा वेगाने वाढते. साठ-चाळीसच्या डावात प्रत्येक वेळी २० टक्के लावल्यास शंभर डावांनंतर (साठ जिंकून, चाळीस हरून) शंभर रुपयांचे सुमारे ७४९ रुपये होतात. १० टक्केच लावल्यास सुमारे ४५० होतात. मात्र ४० टक्के लावल्यास, तेच साठ डाव जिंकूनही, शंभराचे सुमारे ७८ रुपये उरतात.

या तीन आकड्यांत विषयाचे मर्म आहे. योग्य प्रमाणाच्या निम्मे लावले, तर वाढीचा वेग सुमारे तीन चतुर्थांश टिकतो. दुप्पट लावले, तर वाढ जवळजवळ शून्यावर किंवा त्याखाली येते. कमी लावण्याची शिक्षा सौम्य आहे, अधिक लावण्याची कठोर.

सरशीचा चुकीचा अंदाज

पत्त्यांच्या खेळात p मोजून काढता येते. बाजारात, शर्यतीत किंवा शेतमालाच्या व्यापारात तिचा केवळ अंदाज करता येतो, आणि सूत्र त्या अंदाजावर डोळे मिटून विश्वास ठेवते. जिंकण्याची खरी शक्यता ५५ टक्के आहे आणि ती ६० मानली गेली, अशी कल्पना करावी. चूक पाचचीच दिसते. परंतु खरी सरशी १० आणि मानलेली २०, म्हणजे डाव नेमका दुप्पट लागतो. परिणामी जो डाव शंभर फेऱ्यांत शंभराचे १६५ रुपये करू शकला असता, त्यात काहीच वाढ होत नाही. उलट चूक झाली, म्हणजे खरे ६० असताना ५५ मानले गेले, तर वाढीचा फक्त चौथा हिस्सा हातचा जातो.

अंदाज दोन्ही बाजूंना सारखाच चुकेल, असे मानण्यासही आधार नाही. माणूस डाव लावतो तो स्वतःचा अंदाज बाजारापेक्षा आशादायक वाटला तेव्हाच. अनेक संधींपैकी ज्यांत त्याचा अंदाज चुकून खाली गेला, त्या तो सोडून देतो आणि ज्यांत चुकून वर गेला, त्याच निवडतो. म्हणून अंदाज करणारा प्रामाणिक व निष्णात असला, तरी प्रत्यक्ष लावलेल्या डावांत फुगलेल्या अंदाजांची गर्दी होते. जितकी सरशी मोठी दिसते, तितका तिच्यात चुकीचा वाटा असण्याचा संभव अधिक, आणि सूत्र तर नेमके तिथेच सर्वांत जास्त पैसे लावायला सांगते.

पूर्वानुभवाची नोंद पाहून हे दुरुस्त होईल, ही अपेक्षा लवकर पुरी होत नाही. शंभर डावांच्या नोंदीतून काढलेल्या टक्केवारीत सुमारे पाच टक्क्यांची चूक अगदी सामान्य समजली जाते. शंभरात पंचावन्न जिंकणाऱ्याकडे खरोखर सरशी आहे की नशीब, हे त्यावरून सांगता येत नाही. ही चूक एका टक्क्यावर आणायला अडीच हजार डावांची नोंद लागते.

कापूस साठवणुकीचे उदाहरण

अडीच हजार डावांची अट ज्या व्यवहारात कधीच पुरी होणार नाही, असा एक व्यवहार विदर्भात दरवर्षी होतो. वर्धा जिल्ह्यातील सेलू (परभणी जिल्ह्यातील याच नावाचे गाव वेगळे) हे कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. येथे वेचणीनंतर कापूस लगेच विकावा की भाव वाढेपर्यंत ठेवावा, हा प्रश्न घरोघरी असतो. हंगाम वर्षातून एकच, म्हणजे पन्नास वर्षे व्यापार केलेल्या माणसाजवळही पन्नासच नोंदी.

२०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता आणि खुल्या बाजारात भाव दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी थांबून विकले, त्यांना मोठा लाभ झाला. पुढच्या वर्षी त्याच अनुभवावर विसंबून विदर्भात पुष्कळांनी कापूस घरात ठेवला. भाव मात्र चढला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत तो सात-साडेसात हजारांच्या आसपास उतरला होता.

या परिस्थितीवर बेतलेला एक काल्पनिक हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो. एका खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याकडे दहा लाख रुपये भांडवल आहे. भाव ८,५०० आहे. तो एक तर १०,००० होईल किंवा ७,००० वर येईल, असे तो धरतो. नफा वा तोटा दीड हजारांचा, म्हणजे किमतीच्या सुमारे १७.६५ टक्के. येथे हरल्यावर सगळी रक्कम जात नाही, त्यामुळे सरशीला या टक्केवारीने भागावे लागते. मागच्या वर्षाच्या आठवणीने तो भाव चढण्याची शक्यता ६० टक्के मानतो. सूत्राचे उत्तर ११३ टक्के येते: दहा लाखांवर आणखी एक लाख तेहतीस हजारांचे कर्ज काढून माल भरावा! खरी शक्यता ५२ टक्केच असेल, तर उत्तर २३ टक्क्यांपेक्षा किंचित कमी, म्हणजे सव्वादोन लाखांचा माल. आठ टक्क्यांच्या चुकीने डाव पाचपट झाला. भाव पडल्यास पहिल्या हिशेबात दोन लाख जातात, दुसऱ्यात चाळीस हजार. पहिला हिशेब दर हंगामी चालू ठेवल्यास भांडवल सरासरी वर्षाला सव्वा टक्क्याने झिजते, आणि हे भाव पडण्यापेक्षा चढण्याची शक्यता अधिक असताना.

साठवणुकीचा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही. ओलावा उडून होणारी वजनातील घट, जागा आणि पैशाचे व्याज मिळून क्विंटलमागे ३०० रुपये धरल्यास नफा १,२०० आणि तोटा १,८०० होतो. मग भाव चढण्याची शक्यता खरोखर ६० टक्के असली, तरी सरशी शून्य येते. फुगलेला अंदाज पुष्कळदा शक्यतेत नसून अशा न धरलेल्या खर्चात दडलेला असतो.

शेतकऱ्याची स्थिती व्यापाऱ्याहून वेगळी. तो पैसे लावताना दिसत नाही, पण विकता येणारा माल न विकणे हाही डावच आहे, आणि सगळा कापूस ठेवणे म्हणजे वर्षाचे सगळे उत्पन्न एका अंदाजावर ठेवणे होय. हमीभावाची खरेदी चालू असेल आणि कापूस तिच्या ओलाव्याच्या निकषात बसत असेल, तर तोट्याला खालून एक मर्यादा मिळते. २०२२-२३ मध्ये लांब धाग्याला ती ६,३८० रुपयांची होती. टप्प्याटप्प्याने विकण्याची जुनी रीत ही व्यवहारात अंशात्मक पद्धतीच्याच जवळची आहे.

अंशात्मक पद्धत आणि तिच्या मर्यादा

निम्म्या प्रमाणाची प्रथा येथून समजते. ५५ ला ६० मानणाऱ्याने सूत्राच्या २० टक्क्यांऐवजी १० लावले, तर ते खऱ्या सरशीचे नेमके योग्य प्रमाण ठरते. अंदाज बरोबर असला, तर वाढीचा चौथा हिस्सा तेवढा कमी होतो. शिवाय भांडवलातील चढउतार निम्म्यावर येतात, ही वेगळी सोय.

परंतु ‘निम्मे’ हा काही मंत्र नव्हे. सेलूच्या हिशेबात निम्मा माल भरला, तरी तो खऱ्या प्रमाणाच्या अडीचपट राहतो आणि भांडवल अत्यल्प का होईना, झिजतेच. तेथे चौथा हिस्सा लावल्यावर वाढ शून्याच्या वर येते. सरशी मुळातच नसेल, तर कोणताही अंश तोट्याचाच. तो तोटा हळू होतो, इतकेच. म्हणून काही जाणकार आधी अंदाजच बाजाराच्या मताकडे झुकवून घेतात (६० वाटले, तर ५५ धरतात) आणि मग सूत्र लावतात. प्रत्येक डावाआधी आपला अंदाज आकड्यात लिहून ठेवणे, आणि ‘६० टक्के’ असे लिहिलेल्या डावांपैकी किती खरे ठरले हे नंतर मोजणे, ही फुगवटा ओळखण्याची साधी रीत आहे. त्यांतले पन्नास-बावन्न टक्केच खरे ठरत असतील, तर दोष नशिबाचा नसून अंदाजाचा असण्याची शक्यता नोंदींबरोबर वाढत जाते.

सूत्राला तात्त्विक विरोधही झाला. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांच्या मते दीर्घकाळातील सर्वाधिक वाढ हे प्रत्येकाचे उद्दिष्ट असेलच असे नाही. १९७९ मध्ये त्यांनी हे मत एका लेखात मांडले आणि शेवटचा शब्द सोडून सगळा लेख एकाच अक्षरावयवाच्या इंग्रजी शब्दांत लिहिला. ज्याच्या घरात येत्या जूनमध्ये बियाण्याला पैसे लागणार आहेत, त्याच्यासाठी हा आक्षेप केवळ तात्त्विक राहत नाही.