पडद्यावर सहा ओळी, फाइलमध्ये आठ

गेट परीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात 2008 साली एक छोटासा प्रश्न आला होता. लूपमध्ये `fork()` ही एकच ओळ n वेळा चालवली, तर किती नव्या प्रोसेस तयार होतील? 2012 साली पुन्हा तेच विचारलं, फक्त लूपऐवजी तीन `fork()` एकाखाली एक लिहिले होते. 2019 साली लूपच्या दहा फेऱ्यांपैकी फक्त सम आकड्याच्या फेरीतच `fork()` चालणार होतं. तिन्ही प्रश्नांमागचा हिशेब एकच आहे आणि तो एकदा नीट समजला की मिनिटभराचा आहे. खरी गंमत त्यानंतर, या प्रोसेसनी छापलेल्या ओळी मोजायला बसल्यावर सुरू होते.

चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. युनिक्स आणि लिनक्सवर नवी प्रोसेस तयार करण्याचा रूढ मार्ग म्हणजे `fork()`. ते चालणाऱ्या प्रोसेसची जवळजवळ हुबेहूब प्रत काढतं. मूळ प्रोसेस ती पेरेंट, प्रत ती चाइल्ड. डेनिस रिची यांनी लिहून ठेवलं आहे, की पीडीपी-7 या यंत्रावरच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये ही सोय करायला असेंब्ली भाषेच्या अवघ्या 27 ओळी लागल्या.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते एका ठिकाणी. चाइल्ड प्रोसेस प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून सुरू होत नाही. `fork()` जिथून परत येतं, तिथूनच पेरेंट आणि चाइल्ड दोघंही पुढे चालू लागतात. लूपच्या कितव्या फेरीत आहोत हे सांगणारा `i` देखील चाइल्डला त्याच किमतीसह मिळतो. म्हणून प्रत्येक `fork()` नंतर प्रोसेसची संख्या दुप्पट होते: एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तीन वेळा `fork()` म्हणजे एकूण आठ प्रोसेस. त्यातली एक मुळातली, म्हणून नव्या सात. n वेळा केलं तर नव्या 2ⁿ − 1. 2019 च्या प्रश्नात 0, 2, 4, 6 आणि 8 या पाचच फेऱ्या कामाच्या होत्या, म्हणून उत्तर 31.

आता याच लूपमध्ये छापण्याची एक ओळ घालू. प्रत्येक प्रोसेस फेरीचा आकडा आणि स्वतःचा क्रमांक छापेल.

```
for (int i = 0; i < 2; i++) {
    fork();
    printf("%d %d\n", i, (int)getpid());
}
```

पहिल्या फेरीत `fork()` झालं की दोन प्रोसेस असतात आणि दोघी एकेक ओळ छापतात. दुसऱ्या फेरीत त्या दोघींच्या चार होतात आणि चौघी एकेक ओळ छापतात. दोन अधिक चार, सहा. टर्मिनलवर `./a.out` चालवून पाहिलं तर खरोखरच सहा ओळी दिसतात. कोणती आधी आणि कोणती नंतर याची खात्री देता येत नाही, कारण कुठल्या प्रोसेसला कधी पाळी द्यायची ते कर्नल ठरवतो. कधीकधी पेरेंट आधीच संपते, शेलचा प्रॉम्प्ट परत येतो आणि उरलेल्या ओळी त्याच्यामागून उमटतात. पण मोजल्या तर सहाच.

मग तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, `./a.out | wc -l` असा चालवायचा. ओळी मोजणारी `wc` ही कमांड उत्तर देते: 8.

या दोन जास्तीच्या ओळी कोणी छापल्या? प्रोसेस तर चारच होत्या. उत्तर शोधायला `wc` पुरत नाही. तिचा आकडा बाजूला ठेवून मजकूरच पाहावा लागतो. `./a.out > out.txt` करून फाइल उघडली, की साधारण असं दिसतं. प्रोसेसचे क्रमांक दर वेळी वेगळे येतील, इथे समजा 4101 पासून आहेत.

```
0 4101
1 4101
0 4102
1 4102
0 4101
1 4103
0 4102
1 4104
```

`0 4101` ही ओळ दोनदा आहे, `0 4102` सुद्धा दोनदा. पण 4101 ने फेरी शून्यमध्ये `printf` एकदाच चालवलं होतं. म्हणजे छपाईचा आदेश दुसऱ्यांदा चाललेला नाही; आधीच तयार झालेल्या मजकुराची प्रत निघाली आहे.

ती निघते बफरमधून. `printf` मजकूर थेट कर्नलकडे देत नाही. सी लायब्ररी तो आधी प्रोसेसच्याच मेमरीत एका जागी साठवते, कारण प्रत्येक लहानसहान तुकड्यासाठी कर्नलला हाक मारणं महाग पडतं. साठवलेलं कधी रिकामं करायचं, हे समोर काय आहे त्यावर ठरतं. समोर टर्मिनल असेल तर `\n` आला की ओळ बाहेर जाते. समोर फाइल किंवा पाइप असेल तर बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्राम नीट संपेपर्यंत मजकूर आतच थांबतो.

आता दुसऱ्या फेरीचा `fork()` पाहा. फाइलकडे लिहिताना त्या क्षणी 4101 च्या बफरमध्ये `0 4101` ही ओळ अजून पडून आहे. `fork()` सगळ्या मेमरीची प्रत काढतं, त्यात बफरही आला. नव्याने तयार झालेली 4103 ही प्रोसेस आईची न पाठवलेली ओळ घेऊनच सुरू होते, तिच्यामागे स्वतःची `1 4103` लिहिते आणि संपताना दोन्ही ओळी फाइलमध्ये टाकते. 4102 आणि 4104 यांच्यात हेच घडतं. चार प्रोसेस, प्रत्येकीच्या बफरमध्ये दोन ओळी, एकूण आठ.

फेऱ्या वाढवल्या की फरक झपाट्याने वाढतो. टर्मिनलवर 2 + 4 + 8 असं करत n फेऱ्यांत 2ⁿ⁺¹ − 2 ओळी येतात, फाइलमध्ये n × 2ⁿ. तीन फेऱ्यांना 14 आणि 24. म्हणून प्रश्नातल्या `printf` मध्ये `\n` आहे की नाही, हे आधी पाहायला हवं. `printf("-")` असं असेल तर टर्मिनलवरही रेघ आतच साठून राहते आणि दोन फेऱ्यांत सहाऐवजी आठ रेघा उमटतात. `\n` असूनही प्रश्नात आउटपुट कुठे जातं ते सांगितलं नसेल, तर तो प्रश्न अर्धवट मांडलेला आहे. सहा लिहिणारा आणि आठ लिहिणारा, दोघंही बरोबर असू शकतात.

प्रत्यक्ष कामात ही चूक लवकर सापडत नाही, कारण प्रोग्राम लिहिणारा तो टर्मिनलवर तपासतो आणि तिथे सगळं ठीक दिसतं. पुढे आउटपुट लॉग फाइलकडे वळवलं की एकेक नोंद दोनदा दिसू लागते. उपाय एका ओळीचा आहे: `fork()` च्या आधी `fflush(stdout)` लिहायचं. मग बफर रिकामा होऊनच प्रत निघते, आणि वरचा प्रोग्राम फाइलमध्येही सहाच ओळी देतो.

2ⁿ च्या हिशेबाला मात्र एक अट आहे: प्रत्येक `fork()` यशस्वी व्हायला हवं. वीस फेऱ्यांना कागदावर 10,48,576 प्रोसेस होतात. एका वापरकर्त्याला किती प्रोसेस चालवता येतील याची मर्यादा लिनक्सवर `ulimit -u` ने कळते आणि ती सहसा याहून पुष्कळ कमी असते. मर्यादा गाठली की `fork()` चाइल्ड न बनवता -1 परत देतं. वरच्या प्रोग्रामसारखं ते उत्तर कोणी तपासलंच नाही, तर पेरेंट काही घडलंच नाही अशा थाटात पुढची ओळ छापते आणि मोजणी सूत्रापेक्षा कमी भरते.