थोडा चहा, थोडा चहाटळपणा

चहावर चार शब्द लिहायचे असतील तर मराठीने आयता कच्चा माल देऊन ठेवला आहे. ‘चहाडी’ आणि ‘चहाटळ’ या दोन्ही शब्दांच्या पोटात चहा बसला आहे, व्युत्पत्तीने नातं नसलं तरी. बशी म्हटलं की बसणं आठवतं. गाळणीने चहा गाळता येतो तसा रागही गाळता येतो. पाकिटावर, टपरीच्या फलकावर किंवा फोनवरच्या चित्राखाली टाकायच्या ओळी अशाच जन्माला येतात. ‘उभ्याने कप, बसून बशी.’ ‘आधी आधण, मग अडचणी.’ संक्रांतीला ‘बिनसाखरेचा घ्या, तरी गोड बोला.’ कुणालाही न टोचता हसू यावं, एवढंच या ओळींचं काम.

पण शब्दाला फाटा फुटला म्हणजे ओळ झाली, असं नाही. ‘चहाटळ’ घ्या. हा शब्द चहा आणि टळणे असा फोडला तर मजा येते: ‘आमचा चहा टळत नाही. चहाटळ म्हणा हवं तर.’ बोलणारा इथे स्वतःलाच नाव ठेवून घेतो, म्हणून ओळ हलकी राहते. आता ‘आमचा’ काढून ‘तिचा’ घाला. एका मुलीचं चित्र लावा. तोच शब्द लगेच टोमणा होतो, कारण मराठी घरांमध्ये चहाटळ हा शब्द मुलींना दटावण्यासाठीच जास्त वापरला गेला आहे. अक्षरं तीच राहिली, पण बोलणारा आणि ऐकणारा बदलला. चहाच्या ओळीत विनोद कुठे संपतो आणि टोचणी कुठे सुरू होते, हे बहुतेक वेळा सर्वनामावर ठरतं.

‘चहाडी’चंही तसंच. ‘चहा तिथे चहाड्या’ ही ओळ कानाला गोड आहे. मात्र चहाडी म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. तिसऱ्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल लावालावी करणं. ओळीत तो तिसरा कोण हे सांगितलेलं नाही, म्हणून वाचणारा आपापला माणूस मनात बसवून हसतो. घोटाळा होतो चित्रात. चित्रकाराच्या हातून सवयीने दोन बायका उतरतात, गॅलरीत, पदर खोचून. शब्दांनी जे म्हटलं नव्हतं ते चित्र म्हणून टाकतं: चहाड्या बायकाच करतात. टपरीवर ऑफिसातले दोन पुरुष मान पुढे काढून कुजबुजताना दाखवा, ओळ आणखी खुलते. एकमेकांकडे कललेले दोन कप दाखवले तर तेही पुरतं. म्हणून ओळ आणि चित्र वेगवेगळं तपासू नये. ‘कडक’ हा चहाचा अस्सल गुण, पण बाईच्या फोटोशेजारी ‘एकदम कडक!’ लिहिलं की ती कोपऱ्यावरची शेरेबाजी होते. मग आमच्या मनात चहाच होता असं सांगून उपयोग नाही.

काही धोके उघड दिसतात. चहा पिऊन काळं होण्याची लहान मुलांना घातलेली जुनी भीती, दूध वाढवून ‘गोरा’ केलेला चहा, ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर आलेली मुलगी, सासूने सुनेच्या चहाला ठेवलेली नावं. हे विनोद शिळे तर आहेतच, शिवाय प्रत्येकात कुणाला तरी खाली बघावं लागतं. ‘चहा घेऊनच आला असाल’ ही पुणेरी गंमत जरा वेगळी. पुणेकराने पुण्यात स्वतःवर केली तर ती लाडाची असते. पाकीट मात्र नागपूरला जातं, सांगलीला जातं, आणि तिथे कंपनी पुण्याला हसते आहे असं वाचलं जातं. पाकिटाला गाव नसतं, त्यामुळे गावावरचा विनोद त्याला पेलत नाही.

खरी कठीण जागा दुसरीच आहे, आणि ती दिसत नाही म्हणूनच कठीण. समजा, एका नव्या चहासाठी ओळ सुचली: ‘आमचा कप वेगळा!’ शब्द साधे, शिवी नाही, कुणाचं नाव नाही. जाहिरातवाल्याला त्यात वेगळेपण दिसतं. पण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांना वेगळा कप चांगलाच आठवतो. चहाच्या दुकानाबाहेर दलितांसाठी टांगून ठेवलेला, त्यांनीच विसळून परत ठेवायचा, तो कप. चहा आणि शिवाशिव यांचा इतिहास इथे जुना आहे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा वाद ओढवला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढायला मदत केली आणि तिथे स्वतः जाऊन चहा घेतला, तो याच रूढीला छेद देण्यासाठी. ज्या राज्यात चहाचा एक घोट एवढा बोलका ठरला, तिथे कप कुणाचा आणि तो कुणाला द्यायचा यावर गंमत करताना हात आखडता घ्यावा लागतो. ‘आमचा कप वेगळा’ बदलून ‘आमची उकळी वेगळी’ केलं की वेगळेपण शिल्लक राहतं आणि कप मोकळा होतो. शब्दखेळ थोडा फिका पडतो, हे मान्य. पण ‘उकळी’ला ‘हसण्याची उकळी’ जोडता येते: ‘आमच्याकडे दोनच उकळ्या. एक चहाला, एक हसण्याला.’ ही पहिलीपेक्षा बरी ओळ आहे, असं मला वाटतं.

सणांच्या ओळींत पंचांग हवं. ‘उपवासाला चहा चालतो. चालतो कसला, पळतो!’ ही ओळ एकादशीला फक्कड जमते. ती देवाला हसत नाही, व्रतालाही नाही. आपण उपवासातून काढलेल्या पळवाटेला हसते. पण हरतालिकेला अनेक बायका पाण्याचा थेंबही घेत नाहीत. रमजानमध्ये रोजा ठेवणारा सूर्यास्तापर्यंत चहाकडे पाहतही नाही. त्या दिवसांत हीच ओळ दुपारी फोनवर झळकली तर गंमत हुकते आणि बेपर्वाई दिसते. ओळ बदलायची गरज नाही, तारीख बदलली तरी पुरे.

भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, १९८५ पासून काम करते. जात, वंश, रंग, लिंग यांवरून कुणाची टवाळी करणारी जाहिरात तिच्या संहितेत बसत नाही आणि सामान्य ग्राहकही तिच्याकडे तक्रार करू शकतो. पण तक्रार येईपर्यंत ओळ फिरलेली असते. त्यामुळे तपासणी आधीच, घरच्या घरी व्हायला हवी. ओळ चित्रासकट छापावी आणि काहीही न समजावता पाच-सहा जणांपुढे ठेवावी. त्यांत एक वऱ्हाडातला, एक कोकणातला, एक वयाने मोठा, एक विशीतला असावा; आणि ज्यांच्या घरी वेगळ्या कपाची आठवण आहे असंही कुणी नक्की असावं. ‘आवडली का?’ हा प्रश्न टाळावा, कारण भिडेखातर सगळेच हो म्हणतात. ‘हे वाचून कोण डोळ्यासमोर आलं?’ असं विचारावं. उत्तरात ‘मी’, ‘आमचा बॉस’ किंवा ‘आमचा बाबूकाका’ आला तर ओळ जाऊ द्यावी. ‘त्या लोकांवर आहे ना?’ असं कुणी म्हणालं, तर ‘ते’ कोण हेही न विचारता ओळ खोडावी आणि पुन्हा आधण ठेवावं.