चार फेऱ्यांची एक फेरी

गाण्याचा आवाज कमी करायचा म्हणजे प्रोसेसरच्या दृष्टीने एकच काम असतं: ध्वनीचा प्रत्येक नमुना उचलायचा, त्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचं आणि जागच्या जागी परत ठेवायचं. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक चॅनलला सेकंदाला असे ४४,१०० नमुने येतात. काम सोपं असलं तरी प्रोसेसरचा बराचसा वेळ त्यात नुसता वाट बघण्यात जातो. तो कुठे जातो आणि कसा परत मिळवता येतो, हे कागद-पेन्सिल घेऊन अगदी नेमकं मोजता येतं.

हे काम RISC-V प्रोसेसरच्या भाषेत असं लिहितात:

```
loop: flw    ft0, 0(a0)
      fmul.s ft0, ft0, fa0
      fsw    ft0, 0(a0)
      addi   a0, a0, 4
      bne    a0, a1, loop
```

पहिली आज्ञा मेमरीतून नमुना `ft0` या रजिस्टरमध्ये आणते, दुसरी गुणते, तिसरी परत ठेवते. चौथी `a0` हा पत्ता चार बाइटने पुढे सरकवते आणि पाचवी शेवट आला का ते पाहून पुन्हा वर पाठवते.

आता एक साधा प्रोसेसर घेऊ. तो दर सायकलला एकच आज्ञा सुरू करतो आणि लिहिलेला क्रम कधीही बदलत नाही. त्याच्यात मेमरीतून आणलेला आकडा वापरण्याआधी मध्ये एक सायकल जावी लागते. गुणाकाराचं उत्तर मेमरीत ठेवण्याआधी तीन सायकली जाव्या लागतात. लूपच्या सुरुवातीला उडी मारून जाण्याचा वेगळा खर्च नाही असंही धरू. खऱ्या चिपवर हे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच.

पहिल्या सायकलला `flw` सुटतं. दुसरी सायकल रिकामी जाते, कारण गुणायचा आकडा अजून पोहोचलेलाच नाही. तिसऱ्या सायकलला गुणाकार सुरू होतो. चौथी, पाचवी, सहावी पुन्हा रिकामी. सातव्या सायकलला `fsw`, आठव्याला `addi`, नवव्याला `bne`. एका नमुन्यामागे नऊ सायकली, त्यातल्या चार फुकट. या फुकट सायकलींनाच स्टॉल म्हणतात.

कुकर लावल्यावर शिट्टी होईपर्यंत कुणी हात बांधून उभं राहत नाही, तेवढ्यात भाजी चिरून होते. इथेही तेच करायचं: रिकाम्या सायकलीत ज्याचं कुणाशी अडत नाही असं काम सरकवायचं. पण या लूपमध्ये असं काम शोधायला गेलं तर एकटं `addi` सापडतं. ते दुसऱ्या सायकलीत टाकलं की नवाच्या आठ सायकली होतात. गुणाकारानंतरच्या तीन रिकाम्या सायकलींत टाकायला काहीच उरत नाही.

ही एक आज्ञा वर नेतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. पत्ता आधीच चार बाइट पुढे गेलेला असल्यामुळे `fsw ft0, 0(a0)` बदलून `fsw ft0, -4(a0)` करावं लागतं. ते राहिलं, तर पहिल्या नमुन्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतं. पुढच्या फेरीत तेच उचललं जातं, पुन्हा गुणलं जातं आणि तिसऱ्याच्या जागी जातं. आवाज निम्मा करायचा असेल, तर सगळं गाणं पहिल्या नमुन्याच्या निम्म्याच्या निम्म्यात विरत जातं आणि शेवटचं उत्तर यादीच्या बाहेर, दुसऱ्या कुणाच्या जागेत लिहिलं जातं. प्रोग्राम थांबत नाही, तक्रारही करत नाही. म्हणून क्रम बदलल्यावर पहिले दोन आणि शेवटचे दोन आकडे जुन्या लूपच्या उत्तराशी ताडून बघावेत.

आता लूप उलगडू. चार नमुन्यांचं काम एकाच फेरीत लिहायचं, म्हणजे `addi` आणि `bne` चार वेळांऐवजी एकदाच लागतात. मात्र जुनाच क्रम चार वेळा नुसता खाली-खाली उतरवला, तर प्रत्येक नमुन्याच्या सात सायकली तशाच राहतात. चार सत्ते अठ्ठावीस आणि दोन मिळून तीस, म्हणजे नमुन्यामागे साडेसात. एवढा खटाटोप करून कमाई अगदी थोडी. खरी किमया दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावर दिसते:

```
loop: flw    ft0, 0(a0)
      flw    ft1, 4(a0)
      flw    ft2, 8(a0)
      flw    ft3, 12(a0)
      fmul.s ft0, ft0, fa0
      fmul.s ft1, ft1, fa0
      fmul.s ft2, ft2, fa0
      fmul.s ft3, ft3, fa0
      fsw    ft0, 0(a0)
      fsw    ft1, 4(a0)
      fsw    ft2, 8(a0)
      fsw    ft3, 12(a0)
      addi   a0, a0, 16
      bne    a0, a1, loop
```

पहिला गुणाकार पाचव्या सायकलला सुटतो. त्याचं उत्तर नवव्या सायकलला ठेवता येतं, आणि पहिलं `fsw` बरोबर नवव्या ओळीवरच आहे. मधल्या तीन सायकली बाकीच्या तीन गुणाकारांनी भरून काढल्या. चौदा आज्ञा, चौदा सायकली, स्टॉल एकही नाही. नमुन्यामागे साडेतीन सायकली, कुठे नऊ आणि कुठे साडेतीन! प्रोसेसर तोच आणि गुणाकार तितकेच.

इथे चार वेगळी रजिस्टरं लागली हे महत्त्वाचं आहे. चारही नमुने `ft0` मध्येच आणले असते, तर दुसऱ्याने पहिल्याला पुसून टाकलं असतं आणि क्रम बदलण्याची सोयच उरली नसती.

मग आणखी उलगडत का जाऊ नये? आठ नमुने एकदम घेतले, तर सव्वीस सायकली लागतात, म्हणजे नमुन्यामागे सव्वातीन. चारवरून आठवर गेल्यावर पाव सायकल वाचली. या प्रोसेसरवर तीनच्या खाली तर जाताच येणार नाही, कारण आणणं, गुणणं आणि ठेवणं या तीन आज्ञा प्रत्येक नमुन्याला लागतातच. उलट कोड २० बाइटवरून १०४ बाइटवर जातो आणि रजिस्टरं दुप्पट लागतात. RISC-V मध्ये दशांशाच्या आकड्यांसाठी ३२ रजिस्टरं आहेत म्हणून इथे निभावतं. जिथे ती कमी असतात, तिथे आकडे मेमरीत ठेवून पुन्हा आणावे लागतात आणि मिळवलेलं सगळं तिथेच जातं. मला विचाराल तर या लूपसाठी चार हाच आकडा योग्य आहे.

नमुन्यांची संख्या चारने भागली जाईलच असं नसतं. १००३ नमुने असतील, तर २५० मोठ्या फेऱ्या होतात आणि उरलेल्या तिघांसाठी जुना लहान लूप मागे ठेवावा लागतो. २५० गुणिले १४ म्हणजे ३,५०० आणि तीन गुणिले आठ म्हणजे २४, एकूण ३,५२४ सायकली. मूळ लूपला ९,०२७ लागल्या असत्या. हा मागचा लूप विसरला, तर वरच्या कोडमध्ये `a0` शेवटच्या पत्त्यावर कधी नेमका उतरतच नाही, त्याला ओलांडून जातो आणि फेऱ्या थांबत नाहीत.

हे सगळं हाताने लिहिण्याची वेळ क्वचितच येते. GCC ला `-O2 -funroll-loops` सांगून `-S` ने निघालेला कोड वाचला, की त्याने काय केलं ते दिसतं. मोठे प्रोसेसर तर क्रम स्वतःच बदलतात. रॉबर्ट टोमासुलो यांनी आयबीएमच्या ३६०/९१ साठी काढलेली त्याची पद्धत १९६७ मध्येच प्रसिद्ध झाली. लॅपटॉपवर वरच्या लूपमध्ये त्यामुळे एवढा फरक दिसणार नाही.

पण नमुने गुणण्याऐवजी त्यांची एकच बेरीज करायची असेल, तर असा प्रोसेसरही अडतो. प्रत्येक बेरीज आधीच्या बेरजेच्या उत्तरावर अवलंबून असते आणि ही साखळी क्रम बदलून तुटत नाही. ती तोडायची तर चार वेगळ्या रजिस्टरांत चार बेरजा चालवून शेवटी त्या एकत्र कराव्या लागतात. मात्र दशांशाच्या आकड्यांत बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. म्हणून कम्पायलर हे आपणहून करत नाही. `-ffast-math` देऊन तशी परवानगी द्यावी लागते, नाहीतर मूळ प्रोग्राममध्येच चार बेरजा लिहाव्या लागतात.