बादलीचे स्नान व फवाऱ्याचे स्नान : पाणी आणि विजेचा हिशेब

इयत्ता सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांस गुणाकार, भागाकार व एकमान पद्धत येत असते. परंतु ही गणिते घरातील कोणत्या प्रश्नास लावावयाची, हे त्यांस क्वचितच सुचते. स्नानास लागणारे पाणी व वीज हा असा एक प्रश्न होय. फवाऱ्याखाली म्हणजे शॉवरखाली स्नान केल्यास पाणी कमी लागते, असे काही जण म्हणतात; काही जण याच्या नेमके उलट सांगतात. दोन्ही विधाने विशिष्ट परिस्थितीत खरी ठरू शकतात. खरे काय, ते बादली, घड्याळ व विजेचा मीटर या तीन साधनांनी ठरविता येते.

प्रथम पाण्याचा विचार करू. बादलीच्या स्नानात पाण्याचे माप डोळ्यांसमोर असते. फवाऱ्यातून पडणारे पाणी मात्र पडताक्षणी वाहून जाते. म्हणून तेथे दर मिनिटास किती लिटर पाणी पडते हे काढून त्यास मिनिटांनी गुणावे लागते. दर मिनिटास पडणाऱ्या या पाण्यास प्रवाहाचा दर म्हणतात. तो काढण्यासाठी बादली आधी तपासून घ्यावी. दुकानात वीस लिटरची म्हणून मिळणारी बादली काठोकाठ भरली तरच पुष्कळदा तेवढी भरते, आणि काठोकाठ भरलेली बादली कोणी उचलीत नाही. सबब एक लिटरच्या मापाने पाणी ओतीत जावे व दर दोन लिटरला आतल्या बाजूस खूण करावी. मग नळ स्नानाच्या वेळी जितका उघडतात तितकाच उघडून बादली फवाऱ्याखाली बरोबर दोन मिनिटे धरावी. पाणी 16 लिटरच्या खुणेपर्यंत आले, तर प्रवाहाचा दर मिनिटास 8 लिटर झाला. ज्या शाळेत फवारा नाही तेथे हाच प्रयोग साध्या नळावर करावा. रीत तीच राहते.

हा दर प्रत्येक घरी निराळा येतो. गच्चीवरील टाकी फवाऱ्याच्या दोन-तीन मीटरच वर असेल तर दाब कमी पडतो व धार बारीक येते. टाकी उंच असेल तर तोच फवारा जोराने वाहतो. म्हणून दुसऱ्याच्या घरचा आकडा आपल्या हिशेबात घेऊ नये.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एका घरातील मुलगा बादलीत 20 लिटर पाणी घेऊन स्नान करतो. पुढे तो शिक्षणासाठी शहरात राहावयास जातो. तेथे मिनिटास 8 लिटर पाणी देणारा फवारा आहे, आणि तो त्याखाली 12 मिनिटे उभा राहतो. 8 गुणिले 12 म्हणजे 96 लिटर. पूर्वीच्या मानाने दररोज 76 लिटर पाणी अधिक खर्च झाले. पंधरा लिटरचा हंडा धरल्यास हे पाच हंडे होतात. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. पिणे, स्वयंपाक, धुणे, भांडी या सर्वांसाठी मिळून जे प्रमाण आहे, त्याच्या पाऊणपट अधिक पाणी या एका स्नानात जाते. ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील विद्यार्थ्यांस या पाच हंड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

विजेचा हिशेब याहून थोडा खोल आहे. पण त्याचा पाया एकाच वाक्यात मावतो. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. मीटरवर मोजले जाते ते विजेचे एक युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास, सुमारे 860 किलोकॅलरी उष्णता देते. म्हणून पाण्याचे लिटर आणि तापमानातील वाढ यांचा गुणाकार करून त्यास 860 ने भागले असता लागणारी युनिटे मिळतात.

समजा, नळाचे पाणी 22 अंशाचे आहे व स्नानास ते 40 अंशाचे हवे आहे. वाढ 18 अंशांची झाली. बादलीसाठी 20 गुणिले 18 म्हणजे 360 किलोकॅलरी. त्यास 860 ने भागता सुमारे 0.42 युनिट. फवाऱ्यासाठी 96 गुणिले 18 म्हणजे 1728 किलोकॅलरी. भागाकार सुमारे 2 युनिटे. तीस दिवसांत बादलीच्या स्नानास 600 लिटर पाणी व साडेबारा युनिटे लागतात, तर लांबलेल्या फवाऱ्याच्या स्नानास 2880 लिटर पाणी व साठ युनिटे लागतात. घरच्या बिलावर युनिटाचा जो दर छापलेला असेल, त्याने गुणून रुपये काढण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे.

येथे एक शंका हटकून निघते. या हिशेबात हिटर किती वॉटचा आहे हे आलेच नाही. मग त्या आकड्याचे प्रयोजन काय? वॉट हा आकडा पाणी किती वेगाने तापेल ते सांगतो, एकूण किती वीज लागेल ते सांगत नाही. 1500 वॉटची पाणी तापविण्याची कांडी, जिला रॉड म्हणतात, ती दर मिनिटास साडेएकवीस किलोकॅलरी उष्णता देते. 360 किलोकॅलरी देण्यास तिला सुमारे 17 मिनिटे लागतात. 1000 वॉटची कांडी तेच काम सुमारे 25 मिनिटांत करील. युनिटे दोन्हींत जवळजवळ सारखीच. बादली अधिक वेळ तापत राहिल्यास थोडी अधिक उष्णता हवेत जाते, एवढाच फरक.

गावात संध्याकाळी किंवा पहाटे विजेचा दाब उतरतो, तेव्हा हाच नियम प्रत्ययास येतो. 230 व्होल्टवर 1500 वॉट घेणारी कांडी 200 व्होल्टवर केवळ 1130 वॉटच्या आसपास घेते. कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पाणी तापण्यास 17 ऐवजी 22 मिनिटे लागतात. घरातील मंडळी म्हणतात की, कांडी अधिक वेळ चालली म्हणून बिल वाढले. ते खरे नव्हे. वेळ वाढला त्याच प्रमाणात शक्ती घटलेली असते.

बिल वाढते ते निराळ्या कारणाने. कांडी लावून माणूस दुसऱ्या कामास जातो आणि अर्ध्या तासाने परततो. तेवढ्या वेळात वीस लिटर पाणी 55 अंशाच्या आसपास पोहोचते व 0.75 युनिट खर्च होते. हे पाणी निववण घालून दोघांनी वापरले तर फारसे काही वाया गेले नाही. पण एकट्यानेच ते निवत ठेवून वापरले, तर जवळजवळ निम्मी वीज हवेत गेली असे समजावे.

हिटरच्या शक्तीचा खरा परिणाम फवाऱ्यावर होतो. नळाचे पाणी वाहता वाहता तापविणारा तीन किलोवॉटचा छोटा हिटर मिनिटास 43 किलोकॅलरी देतो. मिनिटास 8 लिटर पाणी सोडले तर 43 भागिले 8, म्हणजे सुमारे साडेपाच अंशांचीच वाढ मिळते, आणि 22 अंशाचे पाणी साडेसत्तावीस अंशाचे होऊन येते. हिटर बिघडला आहे असे घरच्यांस वाटते. वस्तुतः त्याचा दोष काहीच नसतो. 18 अंशांची वाढ हवी असेल तर नळ मिनिटास सुमारे 2.4 लिटर इतका बारीक करावा लागेल. अशा हिटरवर बारा मिनिटांचे स्नान केले तरी 29 लिटर पाणी व 0.6 युनिट एवढाच खर्च येतो. उदाहरणातील 96 लिटर ऊन पाणी त्यातून निघणे शक्यच नाही. त्यासाठी आधी तापवून साठा करणारा गिझर लागतो, आणि तोही मोठा. 25 लिटरच्या गिझरमधील पाणी 60 अंशाचे असले तरी थंड पाणी मिसळून त्याचे 40 अंशाचे सुमारे 53 लिटरच होते. स्नान चालू असताना हिटर काही भर घालतो. तरी बारा मिनिटे पुरी होण्याच्या आतच पाणी कोमट होऊ लागते. उदाहरणातील मुलाकडे 50 लिटरचा गिझर आहे असे धरावे. शिवाय गिझर दिवसभर चालू ठेवल्यास पाणी न वापरताही तो निवत व पुन्हा तापत राहतो. ती वीज वरील हिशेबाहून वेगळी.

मग फवारा सदैव खर्चिकच काय? तसे नाही. 20 लिटरला 8 ने भागले असता अडीच मिनिटे येतात. फवारा एकूण अडीच मिनिटेच वाहिला, तर दोन्ही स्नाने समसमान होतात. अंग भिजवून नळ बंद केला, साबण लावला व पुन्हा नळ सोडला, तर हे अशक्य नाही. ज्या घरी धार मिनिटास 4 लिटरचीच आहे, तेथे पाच मिनिटे मिळतात. उलट बादलीवर नळ चालूच ठेवून स्नान करणाऱ्याचा हिशेब फवाऱ्याप्रमाणेच करावा लागेल. भेद साधनाचा नसून प्रवाहाचा दर व वाहण्याचा काळ यांच्या गुणाकाराचा आहे.

हिशेब बरोबर आहे की नाही, हे मीटरच सांगतो. आताच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो व शेजारी 3200 imp/kWh यासारखा मजकूर छापलेला असतो. त्याचा अर्थ, दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातील इतर सर्व उपकरणे बंद ठेवून केवळ 1500 वॉटची कांडी लावल्यास दिवा मिनिटास 80 वेळा लुकलुकला पाहिजे. तो 60 वेळाच लुकलुकत असेल, तर दाब उतरला आहे असे ओळखावे.

प्रयोग करताना दोन गोष्टी संभाळाव्यात. तापमान मोजण्यास ताप पाहण्याचा थर्मामीटर वापरू नये. त्याची पट्टी सुमारे 35 ते 42 अंशांपुरतीच असते. गार पाणी तो दाखवीत नाही आणि फार ऊन पाण्यात काचेचा असल्यास फुटतो. प्रयोगशाळेतील तापमापकच घ्यावा व पाणी ढवळून मग वाचावा, कारण वरचे पाणी तळच्या पाण्याहून अधिक ऊन असते. दुसरे असे की, कांडी विद्यार्थ्यांच्या हाती मुळीच देऊ नये. ती चालू असता पाण्यास अथवा धातूच्या बादलीस हात लावल्यास प्राणघातक धक्का बसू शकतो. वर्गात केवळ प्रवाहाचा दर काढावा. मीटरचे निरीक्षण घरी वडील माणसांच्या देखरेखीखाली व्हावे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरचा दर, वेळ व पाण्याचे तापमान फळ्यावर लिहावे, आणि त्यावरून युनिटे सर्वांनी मिळून काढावीत.