हे तर माझा धाकटा भाऊही काढेल!

शाळेची सहल चित्रांच्या दालनात पोचली की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. समोर नुसते रंगाचे पट्टे, ना घर ना माणूस, आणि किंमत कोट्यवधींची. अशा वेळी बाई गप्प करतात. पण या शंकेला उत्तर द्यायला हवं, कारण ती खोटी आहे की खरी हे चक्क तपासून बघता येतं. आणि तसं ते बघितलंही गेलंय.

2011 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर या दोघींनी चित्रांच्या 30 जोड्या केल्या. जोडीतलं एक चित्र रॉथको, हॉफमन अशा नामवंत अमूर्त चित्रकाराचं आणि दुसरं लहान मुलाचं, माकडाचं, चिंपांझीचं किंवा हत्तीचं. जोड्या मुद्दाम फसव्या ठेवल्या होत्या. रंग, रेषा, फटकारे शक्य तितके सारखे. मग 72 विद्यार्थ्यांना विचारलं, यातलं तुम्हाला आवडतं कोणतं आणि चित्र म्हणून सरस कोणतं? त्यातले काही चित्रकला शिकणारे होते, बाकीचे मानसशास्त्राचे. काही जोड्यांना नावच लावलं नव्हतं. काहींना खरी ओळख दिली होती, तर काहींना चक्क उलटी, म्हणजे चित्रकाराच्या चित्राखाली ‘माकड’ आणि माकडाच्या चित्राखाली ‘चित्रकार’.

सरस कोणतं, या प्रश्नाला दहापैकी साधारण सहा ते सात वेळा चित्रकाराचं चित्र निवडलं गेलं. चित्रकलेचा गंध नसलेल्यांनीही तेच केलं, आणि उलट्या पाट्यांनीही निकाल फारसा बदलला नाही. का निवडलं असं विचारल्यावर चित्रकाराच्या चित्राबद्दल ‘यात काही ठरवून केलेलं दिसतं’ अशा धर्तीची कारणं जास्त आली.

आता उरलेले तीन-चार वेळा काय झालं? लोक फसले. तेव्हा धाकट्या भावाचा दावा अगदीच पोकळ नाही. एखादं सुंदर चित्र मुलाच्या हातून होऊ शकतं, होतंही. माझ्या मते फरक एका चित्रात शोधायचाच नाही. तेच पुन्हा करता येतं का, बिघडलेलं ओळखता येतं का आणि कुठे थांबायचं ते कळतं का, हे बघायचं. बालवाडीतलं चित्र पुष्कळदा बाई कागद काढून घेतात म्हणून संपतं. आणखी दोन मिनिटं दिली, तर सगळे रंग एकात एक मिसळून त्याचा चिखल होतो.

याच्याशेजारी वासुदेव गायतोंडे यांचं काम ठेवून बघा. नागपूरला 1924 मध्ये जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या घरातल्या या चित्रकाराने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 मध्ये पदविका घेतली. सुरुवातीला ते माणसंच काढत. जुन्या भारतीय लघुचित्रांचा अभ्यास करत आकार हळूहळू गळत गेले. ‘अमूर्त’ हा शिक्का मात्र त्यांना स्वतःला पसंत नव्हता.

नंतरच्या चित्रांत ते ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त वापरत. तैलरंगाचा पातळ थर द्यायचा, त्यावर दुसरा, मग कुठे खरवडायचं. कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे. कागद रंग ओढून घेतो, खालचा थर डोकावतो आणि वेड्यावाकड्या कडांचा आकार उरतो. यात योगायोग आहेच, कागद नेमका किती रंग उचलेल ते कुणालाच पुरतं सांगता येत नाही. मुलाच्या हातूनही असाच योगायोग घडतो. पण खालचा रंग कोणता ठेवायचा, वरचा थर किती ओला असताना कागद लावायचा आणि उमटलेल्या दहा आकारांपैकी कोणते पुन्हा रोलरखाली बुजवायचे, हे गायतोंडे ठरवत. म्हणूनच वर्षाकाठी त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रं पुरी होत. हात चालायला वेळ लागत नव्हता, वेळ जायचा तो बघत बसण्यात.

त्यांचं 1979 चं एक चित्र 2013 मध्ये मुंबईच्या लिलावात 23 कोटींहून जास्त रकमेला गेलं. वादात हा आकडा मात्र पुढे करू नका. किंमत बाजार ठरवतो, त्यावरून चित्र चांगलं की वाईट हे सिद्ध होत नाही. नामवंताच्या सहीखालीही फुसकं चित्र असू शकतं.

त्यापेक्षा वर्गात करून बघा. पोस्टर रंगाचा एक थर वाळू द्या, त्यावर दुसरा देऊन तो ओला असतानाच वर्तमानपत्राचा तुकडा दाबून उचला. पहिला ठसा बहुधा झकास येईल. मग शेजारच्या कागदावर अगदी तसाच दुसरा काढायचा प्रयत्न करा. रंग जास्त ओला असेल तर कागद घसरून डाग फिसकटेल, सुकला असेल तर काहीच उचललं जाणार नाही. धाकट्या भावालाही बसवा शेजारी, आणि त्याला कागद पुरा झाला असं कधी वाटतं ते विचारा.