सागाचा कोळसा किती जुना?

गोंदियाच्या माणसाला सागवान ओळखून घ्यावं लागत नाही. पण जमिनीखाली सापडलेला त्याच सागाचा कोळसा किती जुना, हे नुसतं पाहून कळत नाही. विदर्भातल्या शिळावर्तुळांचा, म्हणजे मोठाले दगड वर्तुळात मांडून केलेल्या दफनांचा, काळ ठरवताना हा प्रश्न नेहमी येतो. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला १९७८ ते १९८० मध्ये शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली. अशा भट्टीतला कोळसा कालमापनाला उपयोगी पडतो.

घड्याळ कसं चालतं

झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कार्बन घेतं. त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ अगदी किंचित असतो. झाड तोडलं की भर थांबते आणि असलेला झिजत जातो. ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो. नमुन्यात सुमारे ७४ टक्के उरला असेल, तर वय साधारण २,४५० वर्षं निघतं. आजची यंत्रं मिलिग्रॅमभर कार्बनवर हे मोजतात.

हाड अवघड का

हाडात कार्बन टिकतो तो मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनात. प्रयोगशाळा सौम्य आम्लात हाडातलं खनिज विरघळवते आणि उरलेलं कोलॅजेन मोजते. आपल्याकडच्या उन्हापावसात ते बरेचदा आधीच संपलेलं असतं. मग हाड अख्खं दिसलं तरी तारीख मिळत नाही. कोलॅजेनमधलं कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण बिघडलेलं दिसलं, की नमुना बाजूला ठेवायचा.

लाकडाची फसवणूक

लाकूड टिकतं, पण चकवतं. झाडाचं प्रत्येक वर्तुळ ज्या वर्षी तयार झालं त्याच वर्षीचा कार्बन धरून ठेवतं. दीडशे वर्षांच्या सागाच्या गाभ्याचा कोळसा तपासला, तर उत्तर भट्टी पेटल्याचं नव्हे, त्याच्या दीडशे वर्षं आधीचं येतं. म्हणून एका हंगामाचं आयुष्य असलेला धान्याचा जळका दाणा मिळाला, तर मी डोळे मिटून तोच पाठवीन.

विदर्भाचं दुर्दैव

हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळात सारखा नव्हता. म्हणून मोजलेलं वय वर्तुळं मोजून काळ ठरवलेल्या जुन्या लाकडांशी ताडून दुरुस्त करावं लागतं. या दुरुस्तीचा आलेख इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४०० या काळात जवळजवळ सपाट आहे. नेमका हाच काळ विदर्भातल्या अनेक शिळावर्तुळांचा! त्यामुळे '२,४५० वर्षं, अधिक-उणे ३०' असं नेटकं मोजमाप हाती आलं, तरी दुरुस्तीनंतर ते इसवी सनापूर्वी ७५० पासून ४१० पर्यंत कुठंही बसू शकतं. यंत्र कितीही चांगलं आणलं तरी हा पल्ला फारसा आखडत नाही. तो आखडायचा तर एकावर एक साचलेल्या थरांतून बरेच नमुने घ्यायचे आणि खालचा थर आधीचा, हा क्रम हिशेबात धरायचा.