डिजिटल घड्याळातला आकडा बदलला, पण चमक खोटी का दिसते?

लाल एलईडी घड्याळाच्या मॉकअपमध्ये १०:०८ चे १०:०३ करायचे आहे, असे समजा. नवा फॉन्ट टाइप करू नका. ‘८’ मध्ये सात पट्ट्या असतात. डावीकडच्या दोन उभ्या पट्ट्या विझवल्या की ‘३’ उरतो. विझलेल्या पट्ट्या पूर्ण काळ्या न करता अंधूक ठेवा, पण त्यांच्याभोवतीची जुनी लाल चमक पुसा. पेटलेल्या पट्ट्या कॅमेऱ्यात मध्यभागी जवळजवळ पांढऱ्या आणि कडेला लाल दिसतात. त्यांची प्रत वेगळ्या लेयरवर ब्लर करून `Screen` मोडमध्ये ठेवली की उजेड पसरल्यासारखा वाटतो. शेवटी टेबलावरचे प्रतिबिंब पाहा. तिथे अजून ‘८’ असेल, तर बनाव लगेच उघडा पडतो.